एफडीवर दरवर्षी कर, डेट फंडावर शेवटी एकदाच: दर सारखाच असेल तर फरक किती?

प्रश्न: मी ३०% स्लॅबमध्ये आहे. दहा लाख रुपये दहा वर्षं बाजूला ठेवायचे आहेत, शेअर बाजारात घालायचे नाहीत. एफडीच्या व्याजावर दरवर्षी टॅक्स आणि डेट फंडावर विकताना एकदाच, हे कळलं. पण २०२३ नंतर दोन्हीकडे स्लॅबनेच टॅक्स लागतो म्हणे. मग आज भरला काय आणि दहा वर्षांनी भरला काय, फरक पडतो का?

उत्तर:

पडतो, पण लोक सांगतात तेवढा नाही, आणि तो नेमका कशाने खाल्ला जातो हे माहीत नसेल तर हातात काहीच उरत नाही. मी गेली बरीच वर्षं लोकांची रिटर्न्स भरून देतो. हा हिशोब कागदावर मांडून दाखवल्याशिवाय कुणाला पटत नाही, म्हणून तुमच्याच आकड्यांवर मांडतो.

समजा दोन्हीकडे वर्षाला ७ टक्के मिळतात. तुमचा दर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के.

एफडीत पहिल्या वर्षी ७०,००० व्याज. त्यावर २१,८४० कर. उरले ४८,१६०. म्हणजे तुमची ठेव प्रत्यक्षात ७ टक्क्यांनी नाही, ४.८१६ टक्क्यांनी वाढते, आणि चक्रवाढ होते तीही याच दराने. दहा वर्षांनी हातात साधारण १६,००,५७४.

डेट फंड म्हणजे रोख्यांत पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड. त्याच्या ग्रोथ पर्यायात नफा फंडातच राहतो, म्हणून मधे कर नाही. दहा लाखांचे पूर्ण ७ टक्क्यांनी १९,६७,१५१ होतात. विकताना नफा ९,६७,१५१, त्यावर ३१.२ टक्क्यांनी कर ३,०१,७५१. हातात १६,६५,४००.

फरक जवळजवळ ६५ हजारांचा. दर तोच, परतावा तोच, बदलली ती फक्त कर भरण्याची तारीख. हे पैसे येतात कुठून, तर पहिल्या वर्षीचे ते २१,८४० पाहा. एफडीत ते सरकारकडे गेले. फंडात ते तुमच्याकडेच राहिले आणि पुढची नऊ वर्षं ७ टक्क्यांनी वाढले. त्यांच्यावर १८,३१२ रुपये मिळाले, त्यातला सरकारचा वाटा गेला तरी तुमचे १२,५९९ उरले. मूळ २१,८४० शेवटी करात जातातच, पण नऊ वर्षं ते तुम्हाला बिनव्याजी वापरायला मिळाले. दुसऱ्या वर्षीच्या कराचं तसंच, तिसऱ्याचंही, फक्त प्रत्येक वेळी वापराचा काळ एका वर्षाने कमी. या सगळ्यांची बेरीज म्हणजे ते ६५ हजार.

म्हणूनच काळ कमी असेल तर यात फारसं काही नाही. तीन वर्षांत हाच फरक दहा लाखांवर जेमतेम ३,२८० रुपये येतो आणि पाच वर्षांत ११,८१८. वीस वर्षांत मात्र तो चार लाखांच्या वर जातो. तीन वर्षांसाठी पैसे ठेवणाऱ्याने केवळ करासाठी फंडाकडे वळावं असं मला वाटत नाही.

आता जिथे बहुतेक जण फसतात ते. १६,६५,४०० म्हणजे करानंतर वर्षाला सुमारे ५.२३ टक्के, आणि एफडीचे ४.८२. दहा वर्षं कर पुढे ढकलून मिळालेला सगळा फायदा वर्षाला ०.४१ टक्का. फंड मात्र खर्च कापतो, एक्सपेन्स रेशो, आणि तो दरवर्षी कापतो. समजा रोखे ७ टक्केच देताहेत, पण खर्च जाऊन फंडाचे ६.५ टक्के उरले. मग दहा वर्षांनी करानंतर हातात येतात १६,०३,४७०. एफडीपेक्षा तीन हजार जास्त, दहा वर्षांत! तुमच्या बाबतीत बरोबरीचा आकडा ६.४८ टक्के आहे: एफडी ७ टक्के देत असेल तर फंडाने खर्च वजा जाता दहा वर्षं एवढं तरी द्यायलाच हवं. त्याखाली गेला तर कर पुढे ढकलूनही तुम्ही मागे.

हे तपासायला फंडाची फॅक्टशीट पुरते. त्यात यील्ड टू मॅच्युरिटी, म्हणजे रोखे मुदतीपर्यंत धरले तर मिळणारा वार्षिक परतावा, दिलेली असते आणि एक्सपेन्स रेशोही. एकातून दुसरा वजा करा. थेट फंडाकडून घेतलेला डायरेक्ट आणि एजंटमार्फत घेतलेला रेग्युलर, या प्लॅनच्या खर्चातला फरकच कधीकधी हा सगळा ०.४१ गिळून टाकतो. टार्गेट मॅच्युरिटी प्रकारचे फंड सरकारी रोखे घेऊन ठरलेल्या वर्षापर्यंत धरून ठेवतात. तुमच्यासारख्या ठरावीक मुदतीच्या माणसाला तिथे हा अंदाज बराच नीट बांधता येतो. इतर डेट फंडांत व्याजदर वरखाली झाले की परतावाही हलतो. आणि यील्ड शेजारच्या फंडापेक्षा फार जास्त दिसत असेल तर ती बहुधा कमी पतीच्या कंपन्यांच्या रोख्यांमुळे असते. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड कंपनीने सहा डेट योजना बंद केल्या तेव्हा लोकांचे पैसे अडकले होते. बँकेच्या एफडीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, फंडाला नाही.

एफडीच्या बाजूने एक गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर जरा थांबतो. माझ्या मोठ्या भावाने पाच वर्षांची क्युम्युलेटिव्ह एफडी केली होती. पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम ठळक छापलेली, मधे खात्यात एक रुपयाही येत नव्हता, म्हणून त्याने तीन वर्षं रिटर्नमध्ये व्याज दाखवलंच नाही. "बँक टीडीएस कापतेय ना, मग झालं की," असं तो मला म्हणाला. मी त्याच्यासमोर एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडची त्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाची नोंद, उघडलं. दरवर्षीचं व्याज तिथे ओळीने मांडलेलं होतं, जमा झालेलं, हातात न आलेलं. टीडीएस १० टक्के कापला जातो, त्याचा कर ३१.२. दर ७०,००० व्याजामागे ७,००० कापले गेले होते आणि १४,८४० बाकी होते. जुन्या वर्षांसाठी अपडेटेड रिटर्न, उशिराच्या कराचं महिन्याला एक टक्का व्याज आणि वर जादा कर, असं सगळं भरावं लागलं. व्याज हातात आल्यावरच दाखवण्याची पद्धत कायद्याला मान्य आहे, पण ती सातत्याने पाळावी लागते, टीडीएसचं क्रेडिट रिटर्नमध्ये दरवर्षी पुढे न्यावं लागतं, आणि मुदत संपेल त्या वर्षी सगळं व्याज एकदम उत्पन्नात येऊन पडतं. पगारदार माणसाला मी ती सहसा सुचवत नाही.

दुसरं, वर मी एफडीचा कर एफडीतूनच गेला असं धरलं. प्रत्यक्षात टीडीएस सोडून बाकीचा कर तुम्ही पगारातून भरता, त्यामुळे पावतीवरची रक्कम फारशी घटत नाही आणि एफडी खरंच ७ टक्के देतेय असं वाटत राहतं. दरवर्षी जुलैत रिटर्न भरताना खिशातून गेलेले पैसे कुणी एफडीच्या नावावर मांडत नाही.

शेअर फंडांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक आकडा देतो, कारण "कर शेवटी एकदाच" म्हणून कौतुक होतं ते बहुतेक त्यांचंच. त्यांच्यावर वर्षभरापुढच्या नफ्याला १२.५ टक्के दर आहे, सेस धरून १३. वरच्याच १९,६७,१५१ वर हा दर लावला, सव्वा लाखाची सूट बाजूला ठेवून, तर हातात १८,४१,४२१ येतात. १६ लाखांवरून १६.६५ ला नेलं ते उशिरा भरण्याने, आणि तिथून १८.४१ ला नेलं ते कमी दराने. डेट फंडालाही पूर्वी तो दुसरा फायदा होता: तीन वर्षं धरले की इंडेक्सेशनसह, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून, २० टक्के. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिट्सचा तो गेला. तेव्हाचे हिशोब अजून फिरत असतात, ते तुमच्या पैशांना लागू नाहीत.

मात्र दर घटण्याचा एक रस्ता तुमच्या स्वतःच्या हातात आहे, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. एफडीचं व्याज तुम्ही सर्वाधिक कमावत असतानाच करपात्र होतं. फंड कधी आणि किती विकायचा ते तुम्ही ठरवता. दहा वर्षांनी तुम्ही निवृत्त झालेले असाल, किंवा नोकरीत एक वर्षाचा खंड पडला असेल, तर त्या वर्षी विका, तेही तुकड्यांनी. १९.६७ लाखांतले ४ लाख काढले तर त्यात नफा साधारण १.९७ लाखांचाच असतो, बाकी तुमचंच मुद्दल. कर फक्त त्या १.९७ लाखांवर, आणि त्या वर्षी तुम्ही ज्या स्लॅबमध्ये असाल त्याने. नव्या करप्रणालीच्या आजच्या स्लॅबप्रमाणे इतर उत्पन्न पाच-सहा लाख असेल तर तो शून्यही असू शकतो. पण पगार चालू असताना सगळं एकाच वर्षी काढलंत तर वर मांडलेले ३१.२ टक्के जातातच.

फंड घ्यायचं ठरलं तर पर्याय ग्रोथच निवडा. मधे मधे पैसे वाटणारा आयडीसीडब्ल्यू पर्याय घेतलात तर वाटप झालेली रक्कम त्याच वर्षी स्लॅबने करपात्र होते, म्हणजे पुन्हा एफडीसारखंच. आणि मधे एका फंडातून दुसऱ्यात स्विच करू नका. ॲपवर ते एका बटणाचं काम दिसतं, पण आयकरासाठी ती विक्रीच असते, आणि तोवर पुढे ढकललेला सगळा कर त्या दिवशी देय होतो.

कर पुढे ढकलणं म्हणजे दहा वर्षांनंतरचा दर मान्य करणं, हेही धरून चाला. ज्यांनी २०२३ पूर्वी डेट फंड घेतले होते त्यांना इंडेक्सेशन मिळेल असं वाटत होतं. २३ जुलै २०२४ पासून तेही काढलं गेलं आणि इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के दर आला.

तुमच्या जागी मी असतो तर आधी दहा वर्षांनी आपलं उत्पन्न कसं असेल ते पाहिलं असतं. तेव्हाही ३०% स्लॅबच राहणार असेल आणि मिळणाऱ्या फंडाचा खर्च वजा आकडा ६.४८ च्या आसपास असेल, तर मी एफडीच केली असती. निवृत्ती दहा-बारा वर्षांवर असेल तर फंड. नक्की सांगता येत नसेल तर पाच-पाच लाख दोन्हीकडे, आणि एफडीच्या व्याजाचा कर रिटर्नमध्ये दरवर्षी न चुकता.