कार्डाच्या आधी क्लिप बघा

प्रश्न: परभणीत लग्नाचं शूटिंग करतो. नवीन कॅमेऱ्याच्या 4K क्लिप जुन्या लॅपटॉपवर अजिबात चालत नाहीत. 90 हजाराच्या आसपास लॅपटॉप घ्यायचाय, दुकानदार आरटीएक्स 4060 वाला घ्या म्हणतो. प्रीमिअर प्रो त्यावर नीट चालेल का, हे घेण्याआधी कसं तपासायचं?

प्रीमिअर चालेल. सुरू होईल, क्लिप उघडेल, एक्स्पोर्टसुद्धा होईल. पण तुमच्या क्लिप टाइमलाइनवर न अडखळता पळतील का, हे त्या 4060 वर ठरत नाही. ते ठरतं तुमचा कॅमेरा फाइल कशी लिहितो यावर. कॅमेरा कोणता हे तुम्ही लिहिलं नाही आणि दुकानदाराने विचारलं नसणार. ग्राफिक कार्ड मोठं म्हणजे एडिटिंग जोरात, हे आपल्याकडे परभणीपासून नांदेडपर्यंत प्रत्येक काउंटरवर सांगतात. गेमसाठी ते खरं आहे. लग्नाच्या एडिटिंगसाठी ते अर्धवट आहे आणि त्यात पोरांचे कष्टाचे पैसे जातात, म्हणून जरा लांबण लावतो.

लातूरच्या एका स्टुडिओतलं उदाहरण घ्या. कॅमेरे कॅननचे आर6 मार्क 2, शूटिंग सी-लॉगमध्ये. रायझन प्रोसेसर, आरटीएक्स 4060 आणि 16 जीबी रॅमचा लॅपटॉप ऐन लगीनसराईत घेतला. मंगलाष्टकांचा तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम लावला तर अक्षता पडताना चित्र थांबायचं आणि आवाज पुढे निघून जायचा. रॅम 32 केली, ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं. फरक शून्य. त्याच टेबलावर अकाउंटच्या कामाचा, बाराव्या पिढीच्या आय5 चा साधा लॅपटॉप होता, वेगळं कार्ड नसलेला. त्यावर तीच क्लिप टाकली तर सरळ चालली. दुकानदार म्हणाला सॉफ्टवेअर खराब आहे. सॉफ्टवेअर खराब नव्हतं.

कारण असं आहे. सी-लॉग चालू केला की हा कॅमेरा H.265 मध्ये, 10 बिट, 4:2:2 अशी फाइल लिहितो. 4:2:2 हे रंगाची माहिती किती ठेवली त्याचं माप: 4:2:0 मध्ये ती कमी, 4:4:4 मध्ये पूर्ण. प्रत्येक फ्रेम आधी उलगडावी लागते, मग ती पडद्यावर येते. हे उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळा, ठरावीक कामाचाच भाग असतो आणि तो ठरावीक प्रकारच उलगडतो. एनव्हिडियाच्या 30 आणि 40 मालिकेतला हा भाग H.265 चं 4:2:0 उलगडतो, 4:4:4 सुद्धा उलगडतो, मधलं 4:2:2 मात्र घेत नाही. रायझनमधलं आतलं ग्राफिकही ते घेत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये जे आतलं ग्राफिक असतं, ज्याला फुकटचं म्हणून कुणी मोजत नाही, ते घेतं. त्याचं नाव क्विक सिंक. एनव्हिडियात ही सोय 50 मालिकेपासून आली आणि प्रीमिअर ती 2025 मधल्या अपडेटपासून वापरतो. म्हणून लातूरच्या लॅपटॉपवर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडत होता आणि 4060 चा उलगडणारा भाग रिकामा बसून होता. अडोबीच्या गरजांच्या पानावर प्रोसेसरच्या ओळीत क्विक सिंकचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. लोक ग्राफिकची ओळ वाचतात आणि पान बंद करतात.

आता तपासायचं कसं ते. आधी घरी बसून स्वतःची क्लिप ओळखा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात क्लिप टाका आणि व्हिडिओच्या भागात तीन ओळी बघा: Format, Chroma subsampling आणि Bit depth. HEVC म्हणजे H.265 आणि AVC म्हणजे H.264. HEVC, 4:2:2, 10 bits असं आलं तर वरचं सगळं तुम्हाला लागू आहे. AVC, 4:2:0, 8 bits असं आलं तर तुमची क्लिप जवळपास कुठलंही कार्ड उलगडतं, आणि दुकानदार सांगतो तो 4060 तुम्हाला खुशाल चालेल. तिसरी शक्यता AVC, 4:2:2, 10 bits अशी. सोनीच्या काही मॉडेलांत XAVC S निवडल्यावर अशी फाइल येते. ती इंटेलची बहुतेक आतली ग्राफिकही उलगडत नाहीत, 50 मालिकेचं कार्ड नसेल तर प्रोसेसरलाच उलगडावी लागते. अशांनी कॅमेऱ्यात XAVC HS निवडून बघावं, ते H.265 असतं.

मग दुकानात जायचं. दुकानदार तुम्हाला नव्या लॅपटॉपवर प्रीमिअर टाकू देणार नाही, आणि त्याचं ते बरोबरच आहे. पण एफएफएमपेग नावाचं व्हिडिओ उलगडणारं फुकट सॉफ्टवेअर इन्स्टॉल करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालतं. त्याची विंडोजसाठीची नवी ffmpeg.exe फाइल आणि CLIP.MP4 असं नाव दिलेली तुमची मिनिटभराची HEVC क्लिप एकाच फोल्डरमध्ये ठेवा. दुकानात ते फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करा, कारण पेनड्राइव्ह हळू असेल तर आकडा खोटा येतो. चार्जर लावलेला असू द्या. फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून हे चालवा:

```
.\ffmpeg -c:v hevc_qsv -i CLIP.MP4 -an -f null -
.\ffmpeg -i CLIP.MP4 -an -f null -
```

पहिली आज्ञा क्विक सिंककडून क्लिप उलगडून घेते, दुसरी नुसत्या प्रोसेसरकडून. शेवटच्या ओळीत speed= असा आकडा येतो. 1x म्हणजे एक क्लिप जेमतेम तिच्या स्वतःच्या वेगात. तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम म्हणजे तीन क्लिप एकदम उलगडायच्या, म्हणून 3x हा काठ झाला. त्यावर रंग, ट्रान्झिशन, टायटल येणार. 25 फ्रेमच्या क्लिपला 5x च्या खाली मी घेणार नाही. पहिल्या आज्ञेने आकडाच न येता एरर आली, तर त्या लॅपटॉपचं आतलं ग्राफिक तुमच्या क्लिपच्या कामाचं नाही, किंवा ते बंद करून ठेवलंय.

हे बंद ठेवणं गेमिंग लॅपटॉपमध्ये फार दिसतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त मोठं कार्ड वापरायचा मोड असतो आणि दुकानातल्या डेमो मशीनवर तो कुणीतरी लावून ठेवलेला असतो. तेव्हा टास्क मॅनेजरच्या Performance मध्ये इंटेलचं ग्राफिक दिसतच नाही. हायब्रिड मोड करा, रीस्टार्ट करा, परत चालवा. याच कारणाने घरी आणल्यावर महिनाभराने चांगला चालणारा प्रीमिअर एकाएकी अडखळायला लागतो: भाच्याने गेमसाठी मोड बदललेला असतो.

आज्ञा चालू असताना टास्क मॅनेजर शेजारी उघडा ठेवा, कारण नुसता speed फसवतो. आजचा दमदार प्रोसेसर एकटाही मोठा आकडा काढून दाखवेल, पण तो 100 टक्क्यांवर जाऊन. मग रंगाचं काम कोण करणार? पहिल्या आज्ञेच्या वेळी इंटेल ग्राफिकचा Video Decode हा आलेख वर गेला पाहिजे आणि प्रोसेसर निवांत राहिला पाहिजे. Video Decode सपाट आणि प्रोसेसर शंभरावर, हे चित्र दिसलं की तो लॅपटॉप बाजूला ठेवा, वर स्टिकर कसलाही असो.

तिथेच Memory वर टिचकी मारून रॅम बघून घ्या. 4K साठी अडोबी 32 जीबी सांगतं आणि ते वाढवून सांगितलेलं नाही. Slots used: 1 of 2 असं दिसलं तर चांगलं, आणखी एक पट्टी टाकता येते. टाकाच, कारण आतलं ग्राफिक हीच रॅम वापरतं आणि एकाच पट्टीवर त्याला डेटा हळू पोचतो. रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर घेता ती कायमची, मग 16 वाला घेऊ नका.

ग्राफिक कार्ड अगदीच बिनकामाचं असं मी म्हणत नाही. ल्युमेट्रीचे रंग, स्केलिंग, ब्लर हे त्याच्यावर चालतं, आणि त्यासाठी 4050 सुद्धा पुरतं. पण नावावर जाऊ नका, वॅट विचारा. लॅपटॉपचं 4060 हे 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत येतं आणि स्टिकर दोन्हींवर एकच असतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या System Information मध्ये Maximum Graphics Power अशी ओळ असते, तिथला आकडा खरा.

90 हजारात माझी निवड सांगतो. क्लिप 4:2:2 ची निघाली तर नावाच्या शेवटी एच अक्षर असलेला इंटेल प्रोसेसर, दोन पट्ट्यांची जागा, 4050 सारखं मधलं कार्ड, आणि उरलेल्या पैशात रॅम. बिल करायच्या आधी त्याच मशीनवर दुसरी आज्ञा लांब क्लिपवर पंधरा-वीस मिनिटं चालवून speed घसरतो का ते बघा. दुकानात एसी असतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत 42 अंशात बसून एडिट करायचं असतं, तेव्हा जो एसीतच अर्ध्यावर आला तो तिथे टिकणार नाही.

घरी आल्यावर प्रीमिअरच्या सात दिवसांच्या ट्रायलमध्ये Preferences मध्ये जाऊन Media खाली हार्डवेअर डिकोडिंगसमोर Intel ची खूण आहे ना बघा. प्रोग्रॅम मॉनिटरच्या पान्याच्या मेन्यूतून Show Dropped Frame Indicator चालू करा. तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम 1/2 प्लेबॅक रिझोल्युशनवर पाच मिनिटं चालवल्यावरही दिवा हिरवा राहिला तर काम झालं.

दोन गोष्टी राहिल्या. हा सगळा हिशोब प्रीमिअरचा आहे. आफ्टर इफेक्ट्स रॅम खातो, त्याचं गणित वेगळं. आणि रायझन-4060 कुणी आधीच घेऊन बसलं असेल तर तो विकायची गरज नाही: रात्री झोपताना 1080p च्या प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवायला लावा, सकाळी त्यावर एडिट करा, एक्स्पोर्ट मूळ क्लिपवरून आपोआप होतं. लातूरवाल्यांचं काम आज असंच चालतं. फक्त डिस्कवर जागा जास्त ठेवावी लागते, आणि रात्री लाइट गेली तर इन्व्हर्टरला लॅपटॉपच्या अडॅप्टरचे वॅट झेपतात का ते अडॅप्टरवर वाचून घ्यावं लागतं. बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो आणि प्रॉक्सी सकाळपर्यंत अर्ध्याच होतात.