बेरीज बरोबर होती, मग सप्टेंबर चुकला कुठे?

*सर, मी बी.कॉम. आहे. एका वितरण कंपनीत एमआयएस एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी परीक्षा दिली. शीटमध्ये ऑगस्टअखेर वायटीडी विक्री २०४ लाख आणि सप्टेंबरअखेर २३७ लाख होती. वजाबाकी करून मी सप्टेंबरची विक्री ३३ लाख लिहिली, पण सेल्स रजिस्टरमध्ये ४२ होती. "जूनचे ९ लाखांचे बिल दोनदा चढले होते, ते काढले" अशी तळाशी टीप होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. मागच्या वर्षी सप्टेंबरअखेर २३४ लाख होते, म्हणून "विक्री वाढतेय" असंही लिहिलं. निवड झाली नाही. डेटा ॲनालिटिक्सचा महागडा कोर्स करू का?*

तुझी वजाबाकी बरोबर आहे, फक्त तिचं उत्तर सप्टेंबरची विक्री नाही. वायटीडी म्हणजे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून, आपल्याकडे १ एप्रिलपासून, त्या तारखेपर्यंतची बेरीज. दोन वायटीडींची वजाबाकी केली की त्या महिन्याची विक्री मिळते खरी, पण मधल्या काळात मागच्या महिन्यांत जी दुरुस्ती झाली तीही सोबत येते. तुझ्या ३३ मध्ये सप्टेंबरचे ४२ आहेत आणि जूनचे उणे ९ आहेत.

हे घडतं कसं, ते एकदा डोळ्यांसमोर आण. ऑगस्टचा रिपोर्ट साहेबांना मेल झाला तेव्हा एप्रिल ते ऑगस्टचे आकडे ४०, ४४, ४६, ३८, ३६ होते. बेरीज २०४. नंतर कुणीतरी टॅलीत जूनच्या तारखेचं जादा बिल काढलं. टॅली आकडे व्हाउचरच्या तारखेनुसार दाखवते, त्यामुळे तिथला जून ४६ चा ३७ झाला. मेलमधला ऑगस्ट मात्र २०४ वरच थांबलेला. आता ४०, ४४, ३७, ३८, ३६, ४२ मिळवून बघ, २३७ येतात. म्हणजे दोन्ही कागद आपापल्या दिवशी खरे होते. सुधारलेला ऑगस्ट १९५ धरून वजाबाकी केलीस तर बरोबर ४२ येतील.

याच कारणाने चांगला एमआयएसवाला वायटीडीचा कॉलम जुन्या रिपोर्टातून चिकटवत नाही, महिन्यांच्या आकड्यांवरून दरवेळी नव्याने काढतो. महिनावार विक्री B2 पासून खाली असेल तर C2 मध्ये `=SUM(B$2:B2)` लिहून खाली ओढायचं. आणि मागचा महिना बदलला तर टीप द्यायची. ती टीप म्हणजेच तुझ्या पेपरचा खरा प्रश्न होता.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे मार्चअखेरचे निकाल उघडलेस तर हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसेल. शेवटच्या तिमाहीचे आकडे हे वर्षाच्या ऑडिट झालेल्या आकड्यांमधून डिसेंबरअखेरचे प्रसिद्ध आकडे वजा करून आलेले आहेत, असं तळटिपेत लिहिलेलं असतं. वर्षभराची फेरजुळवणी त्या तिमाहीत येऊन पडू शकते.

आता "वाढतेय" या उत्तराकडे येऊ. मला वाटतं, जास्त गुण तिथे गेले. समज, मागच्या वर्षीचे महिने ३४, ३६, ३८, ४०, ४२, ४४ होते (बेरीज २३४च होते). या वर्षी जूनअखेर सुधारलेले १२१ आणि मागच्या वर्षी १०८, म्हणजे १३ लाखांची आघाडी. पण जुलैत ४० च्या जागी ३८, ऑगस्टमध्ये ४२ च्या जागी ३६, सप्टेंबरमध्ये ४४ च्या जागी ४२. सप्टेंबरअखेर आघाडी उरली ३ लाखांची. वायटीडी अजून सव्वा टक्का वर आहे, पण सलग तीन महिने विक्री मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे. सुरुवातीला कमावलेलं खाऊन आकडा हिरवा दिसतोय. वर्ष पुढे जाईल तसा वायटीडी जड होत जातो आणि एका महिन्याच्या घसरणीने फारसा हलत नाही. अशा शीटवर "एकूण किंचित वाढ, पण जुलैपासून घट" एवढं लिहिलं असतंस तरी पुरलं असतं.

मग फक्त महिनाच बघावा का? तेही फसवतं. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. दिवाळीची खरेदी आधीच होते, त्यामुळे २०२४ चा ऑक्टोबर फुगलेला आणि नोव्हेंबर खचलेला दिसू शकतो, विक्रेत्याने काही वेगळं केलं नसलं तरी. तिथे नोव्हेंबरअखेरचा वायटीडीच खरं सांगतो, कारण दोन्ही वर्षांची दिवाळी त्यात पूर्ण येते.

कोर्सचं म्हणशील तर आत्ता पैसे घालू नकोस. ओळखीच्या दुकानदाराकडून किंवा सीएच्या ऑफिसातून दोन वर्षांची महिनावार विक्री माग आणि त्यावर स्वतः तीन कॉलम मांड: महिना, मागच्या वर्षीचा तोच महिना, दोन्ही वर्षांच्या वायटीडीतला फरक. पुढच्या परीक्षेत शीट हातात आली की पहिल्यांदा विचार, "मागचे महिने जसे पाठवले तसेच ठेवलेत की सुधारून घेतलेत?"