राजीनाम्यातली तारीख

"मॅडम, मी खासगी हॉस्पिटलात आयसीयू स्टाफ आहे. एम.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला, ऑक्टोबरपासून वर्ग आहेत. पण राजीनामा लिहायला बसली की हात थांबतो. मॅट्रन मॅडमनी मला घडवलं आणि आमच्याकडे नाइटला आधीच माणसं कमी. शिकायला चालली असं खरं लिहिलं तर अनुभवाचं पत्र अडवतील का? लिहू तरी काय?"

धंतोलीतल्या माझ्या खोलीत ती नाइट करून थेट आली होती. डबासुद्धा उघडला नव्हता. पर्समधून तिने दीड पानाचा मसुदा काढला. त्यात माफी चार वेळा होती आणि आईचं बीपी दोनदा. शेवटी, "तरी मला शक्य तितक्या लवकर मुक्त करावे ही विनंती."

मी त्या शेवटच्या ओळीवरच बोट ठेवलं. माफीमुळे कोणाचं काही बिघडत नाही. पण "शक्य तितक्या लवकर" लिहिलं की सुटण्याची तारीख आपल्या हातून जाते. एचआरने दहाव्या दिवशी मोकळं केलं तरी तक्रार करायला जागा उरत नाही, आणि दोन महिने लांबवलं तरी नाही.

"नेमणुकीचं पत्र कुठंय?" ते घरी पेटीत होतं. दुसऱ्या खेपेला घेऊन आली. नोटीस एक महिन्याची होती. रुजू झाल्याची तारीख होती २० सप्टेंबर. मी बोटांवर मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं. महिनाभरात तिची ५ वर्षं पूर्ण होत होती!

तिला हे ठाऊकच नव्हतं. कायम नोकरीत सलग ५ वर्षं झाली की स्वतःहून राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरायचा, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि जितकी वर्षं झाली तितक्यांनी गुणायचं. तिचे असे १८,००० होते, म्हणजे ५ वर्षांचे सुमारे ५१,९०० रुपये. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले असतील तरी हक्क लागतो असा अर्थ काही निकालांत लावला गेला आहे. पण तीन-चार आठवड्यांसाठी तो वाद ओढवून घेण्यात काय हशील? २२ सप्टेंबर हा शेवटचा दिवस धरला. नोटीसही बसत होती आणि ऑक्टोबरचे वर्गही.

आता खरं कारण. ते लपवावं असं मला वाटत नाही. प्रवेशासाठी अनुभवाचा दाखला तिला तिथूनच घ्यायचा होता. आईच्या आजारपणाचं सांगून त्याच महिन्यात कॉलेजसाठी दाखला मागितला असता तर अवघडल्यासारखं झालं असतं. कारणाला एक वाक्य पुरतं. कोर्स दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ आहे, म्हणजे "नाइट तेवढ्या करत जा" या आग्रहालाही त्यातच उत्तर मिळतं. नाइटला माणसं कमी पडतात ही अडचण खरी आहे, पण ती भरून काढणं प्रशासनाचं काम. स्टाफकडून द्यायचा तो नीट हँडओव्हर.

शेवटी पत्र एवढंच उरलं:

"मी आयसीयूमध्ये स्टाफ नर्स म्हणून कार्यरत आहे. एम.एस्सी. नर्सिंग या दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याने मी राजीनामा देत आहे. आज १९ ऑगस्टपासून नोटीस कालावधी धरून २२ सप्टेंबर हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंत रोस्टरप्रमाणे ड्युटी करून नव्या स्टाफला हँडओव्हर देईन. त्या दिवशी रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि आपल्याकडे जमा असलेली माझी मूळ प्रमाणपत्रे मिळावीत."

मूळ प्रमाणपत्रांची ओळ तिने स्वतः घातली. रुजू होताना तिचं नोंदणी प्रमाणपत्र ठेवून घेतलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. अशा कागदांची मागणी तोंडी राहू देऊ नये.

"आणि मॅडमचे आभार?" तिने विचारलं. ते पत्रात नको, पत्र एचआरच्या फाइलमध्ये जातं. आधी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांग, मग पत्र दे, असं म्हटलं. दोन प्रती काढायच्या, एकीवर तारखेसह पोच घ्यायची. पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली तर त्याच दिवशी तेच पत्र ईमेलने पाठवायचं, कारण पुढे वाद झाला तर नोटीस कधी दिली याचा पुरावा लागतो.

पोच लगेच मिळाली. मॅट्रन मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सप्टेंबरच्या रोस्टरमध्ये हिला सलग आठ नाइट लावल्या आणि म्हणाल्या, "स्पेशालिटी कोणती घेतली गं?"