सिग्नलच्या आकड्यावर दार उघडू नका

घरचे दिवे आणि कुलूप आपोआप चालवताना, फोनच्या ब्लूटूथ सिग्नलची ताकद -७० डीबीएमच्या वर गेली की माणूस ‘घरी आला’ असं धरायचं, हा नियम पहिल्या दिवशी चालतो आणि नंतर दगा देतो. कारण तो आकडा म्हणजे अंतर नव्हे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल साधारण ६ डीबीने घटतो. पण फोन हातातून मागच्या खिशात गेला आणि तुमचं शरीर मध्ये आलं, तर तेवढ्यानेच १०-१५ डीबी सहज जातात. म्हणजे तुम्ही दारातच उभे असता, पण रिसीव्हरला तीन ते पाच पट लांब वाटता.

खात्री करायची असेल तर फोन टेबलावर ठेवून दहा मिनिटं नोंद घ्या. न हलवताही आकडा वरखाली होताना दिसेल. सरासरी घेतली तर चढउतार कमी होतो, पण ओळख उशिरा पटते. दिवा लागेपर्यंत तुम्ही आत पोहोचलेले असता.

त्यातच बरेच फोन ठरावीक वेळाने ब्लूटूथ पत्ता बदलतात, त्यामुळे पत्त्यावरून केलेली ओळखही तुटते.

म्हणून ‘आला’साठी दाराचा सेन्सर आणि फोन दिसणं, दोन्ही एकत्र मागा. ‘गेला’ मात्र पाच-दहा मिनिटं फोन अजिबात दिसला नाही तरच धरा. कुलूप यावर सोडू नका, दिवे ठीक आहेत.