पाचवं पुस्तक घेण्याआधी

प्रिय मित्रा,

टेबलाचा फोटो पाहिला. स्पर्धा परीक्षेच्या अंकगणिताची चार पुस्तकं, आणि चारही पहिल्या तीसेक पानांपुरतीच मळलेली. पाचवं घेऊ का, हा तुझा प्रश्न जरा बाजूला ठेवू.

चारही पुस्तकांत ‘काळ आणि काम’ हे प्रकरण उघड. एकात अ ते काम १२ दिवसांत करतो, ब १८ दिवसांत. दोघं मिळून किती दिवस? लसावि ३६, म्हणून कामाचे ३६ भाग धरायचे. अ रोज ३ भाग करतो, ब २, मिळून ५. उत्तर ७.२ दिवस. दुसऱ्या पुस्तकात १० आणि १५ असेल: भाग ३०, रोजचे ५, उत्तर ६. आकडे बदलले, गणित तेच. पुढे ‘नळ आणि टाकी’ असं वेगळं प्रकरण दिसेल. एक नळ १२ तासांत टाकी भरतो, दुसरा १८ तासांत रिकामी करतो. मग ३ वजा २, तासाला १ भाग, ३६ तास. जाड पुस्तकांची पानं बरीचशी अशीच वाढतात.

आता मागच्या प्रश्नपत्रिकांतून याच प्रकरणाचे २० प्रश्न वहीत उतरव आणि प्रत्येक पुस्तकात त्यांची रीत शोध. आकडे जुळवू नकोस, प्रकार जुळव. समजा एका पुस्तकात १७ सापडले. उरलेल्या तिनांत एक असा असेल: १२ दिवसवाला अ आणि १८ दिवसवाला ब, दोघांनी काम सुरू केलं, पण काम संपायच्या २ दिवस आधी ब निघून गेला. काम एकूण किती दिवस चाललं? भाग तेच ३६. शेवटच्या २ दिवसांत एकट्या अ ने ६ भाग केले. उरलेले ३० दोघांनी ६ दिवसांत. एकूण ८ दिवस. ही रीत दुसऱ्या पुस्तकात मिळाली, तर ते एक पान वहीत उतरवून घे. एवढ्यासाठी सबंध पुस्तक कशाला?

दोन पुस्तकांत १७-१७ सापडले तर अवघड प्रश्नांची उत्तरं बघ. नुसतं ‘पर्याय २’ लिहिलं असेल, तर तो सरावसंच आहे, संदर्भ म्हणून उपयोगाचा नाही. पायऱ्या दाखवणारं ठेव, मग मांडणी साधी का असेना. मला एकदा दोन गाईडांत एकाच गणिताचं तेच चुकीचं उत्तर सापडलं होतं, छपाईच्या चुकीसकट! तेव्हापासून उत्तरसूचीतली पाच-सहा गणितं स्वतः सोडवल्याशिवाय मी कुणाला पुस्तक सुचवत नाही.

ही पारख गणिताला आणि बुद्धिमत्तेला चालते. चालू घडामोडींना नाही. तिथे आधी आवृत्ती कधीची आहे ते बघावं लागतं. गणिताचं जुनं पुस्तक मात्र अभ्यासक्रम तोच असेल तर बिनधास्त वापर.

वीस प्रश्नांची यादी झाली की वहीच्या पानाचा फोटो पाठव. चारही पुस्तकांत न सापडलेल्या प्रश्नांना लाल खूण कर. पाचवं घ्यायचं की नाही ते त्या खुणा बघून ठरवू.

तुझा,
दादा