मास्टर्सच्या अर्जासाठी एलओआर म्हणजे शिफारसपत्र मागताना सरांना काय काय द्यायचं आणि किती आधी

"डेडलाईनला तीन आठवडे आहेत, सरांना अजून विचारलेलं नाही. मेलला फक्त रेझ्युमे जोडला तर चालेल का?"

आजच विचारा. एरवी मी सहा ते आठ आठवडे आधी म्हणेन. पत्र लिहायला सरांना एखादी संध्याकाळ पुरते हो, वेळ खातात ती बाकीची लफडी. माझं पत्र लिहून तयार होतं, पण अर्जाच्या पोर्टलला सरांचा कॉलेजचाच मेल आयडी हवा, जीमेल चालेना, आणि सर नुकतेच रिटायर झालेले म्हणून आयडी बंद. डिपार्टमेंटच्या ऑफिसात गेलो तर म्हणे अर्ज द्या, दिला तर म्हणे सरांनी स्वतः द्यायला हवा, सरांनी दिला तर सही करणारे साहेब रजेवर! एका कोर्सची डेडलाईन त्यातच गेली, आणि ऑफिसला त्याचं काही सोयरसुतक नाही.

म्हणून सर हो म्हणाले की लगेच विचारा, पत्र अपलोड करायची लिंक कुठल्या आयडीवर पाठवू, तो रोज बघता ना? आणि पोर्टल नीट वाचा. काही ठिकाणी सरांचं नाव भरलं की लगेच लिंक जाते, काही ठिकाणी तुमचा पूर्ण अर्ज सबमिट झाल्यावरच जाते. दुसऱ्या प्रकारात तुम्ही शेवटच्या रात्री सबमिट केलंत तर सर तरी काय करणार. लिंक स्पॅममध्येही जाते, त्या दिवशी एक फोन करा.

आता रेझ्युमे. तो जोडाच, पण त्यातून सरांना तुम्ही आठवणार नाही. वर अर्धं पान लिहा, सरांच्या डोळ्यासमोर घडलेलंच. उदा. "पाचव्या सेमिस्टरला तुमच्याकडे डेटाबेस होता. मिनी प्रोजेक्टमध्ये सर्च स्लो होता, तुम्ही एक्झिक्युशन प्लॅन बघायला सांगितलंत, मी इंडेक्स लावला. व्हायवाला तुम्ही विचारलंत की आता इन्सर्ट का स्लो झालं, ते मला सांगता आलं." यावरून सर आख्खा पॅरा लिहू शकतात. "मेहनती आणि प्रामाणिक" यावरून काय लिहिणार?

बाकी मार्कशीट, एसओपीचा, म्हणजे हा कोर्स का करायचाय त्या निबंधाचा, कच्चा ड्राफ्ट आणि कॉलेज, कोर्स, डेडलाईन (कुठल्या टाईमझोनची तेही) असा एकच तक्ता, सगळं एकाच मेलमध्ये. आठवडाभर आधी एक आठवण, बस.

"तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणाले तर मी तरी टाळेन, मुद्दे देतो म्हणून सांगा. तुमचा एसओपी आणि पत्र एकाच हातचं आहे हे वाचणाऱ्याला कळतं. आणि विचारतानाच "चांगलं, सविस्तर पत्र देता येईल का?" असं विचारा, सर घुटमळले तर दुसरे सर बघा.

मी काही अ‍ॅडमिशन कमिटीत नाही, हे सगळं मास्टर्सच्या अर्जांपुरतं. जाता जाता, फॉर्मवर पत्र बघायचा हक्क सोडता का असं विचारलं तर मी सोडा म्हणेन, नाहीतर सर हात राखून लिहितात असा संशय येतो.