हप्ता कमी करून मागताना बँकेला काय लिहावं?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझं लहान मशीन शॉप आहे. बँकेचं मुदत कर्ज 12 लाख बाकी, व्याज 12 टक्के, 36 हप्ते राहिलेत. मुख्य गिऱ्हाइकानं काम निम्म्यावर आणलं. 5 जुलै आणि 5 ऑगस्टचे हप्ते गेले नाहीत. "परिस्थिती बिकट आहे, हप्ता कमी करावा" असं पत्र दिलं तर मॅनेजर म्हणाले, यावर काही करता येत नाही. मेव्हणा जामीनदार आहे, त्याला अजून सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर : मॅनेजरांचं बरोबर आहे. त्या पत्रात वर पाठवण्याजोगं काहीच नाही. प्रस्ताव द्यायला हवा, आणि तो 3 ऑक्टोबरच्या आत. जुलैचा हप्ता तोवर थकीतच राहिला, तर त्या दिवशी 90 दिवस भरतात आणि खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरतं.

तुमची उद्यम नोंदणी असेल तर नुसत्या दयेवर अवलंबून राहायची गरज नाही. अडचणीतल्या लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्र सरकारची 29 मे 2015 ची अधिसूचना आहे आणि रिझर्व्ह बँकेनं 2016 मध्ये ती बँकांना लागू केली. उद्योजक त्याखाली स्वतःहून अर्ज करू शकतो. कर्ज 10 लाखांपर्यंत असेल तर निर्णय शाखा पातळीवर होतो, त्यावरचं प्रकरण बँकेच्या समितीकडे जातं. तुमचं समितीकडे जाईल. प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1 ऑगस्ट 2024 रोजी ही चौकट बँकांवर बंधनकारक ठरवली. मात्र उद्योजकानंही खातं एनपीए होण्याआधी कागदपत्रांसह हक्क सांगायला हवा, असंही बजावलं. समिती तुमचं म्हणणं मान्यच करील असं नाही, पण त्यावर विचार करावाच लागेल.

पत्राचा गाभा असा ठेवा. आकडे मी नमुन्याला घेतलेत, तुमचे खरे घाला.

"गेल्या वर्षी दरमहा सरासरी 2,10,000 रुपये जमा होत. मजुरी, वीज, भाडं, टूल्स जाऊन 72,000 उरत आणि त्यातून घरखर्चाचे 25,000 वजा जाता 47,000 राहत. त्यातून 39,857 चा हप्ता भरत होतो. एप्रिलपासून जमा 1,45,000 वर आली आहे. खर्च 1,03,000, घरखर्च 25,000, शिल्लक 17,000. सबब थकलेले हप्ते धरून येणे असलेल्या 12,00,000 रुपयांवर पहिले सहा महिने फक्त व्याज, म्हणजे दरमहा 12,000 रुपये, आणि पुढे 54 महिने 28,868 रुपये हप्ता मंजूर करावा. नव्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीमुळे सातव्या महिन्यापासून जमा 1,75,000 होईल आणि सर्व खर्च जाऊन सुमारे 30,800 उरतील. ऑर्डरची प्रत, जीएसटी विवरणपत्रं, बँक उतारे व उद्यम प्रमाणपत्र जोडले आहे."

समिती सर्वांत आधी ते 1,75,000 बघेल. त्यामागे ऑर्डर नसेल तर तो आकडा लिहू नका. त्याऐवजी 72 महिन्यांची मुदत मागा. तेव्हा सुरुवातीपासून 23,460 चा हप्ता बसतो, पण आजच्या 17,000 त तोही मावत नाही, म्हणून खर्च कुठे कापणार ते लिहावं लागेल. फुगवलेला आकडा सहा महिन्यांनी उघडा पडतो, आणि दुसरी सवलत मिळणं फार कठीण.

याची किंमतही ऐका. वरच्या योजनेत एकूण व्याज 2,34,852 वरून 4,30,872 वर जातं, म्हणजे जवळपास 1.96 लाख जादा. शिवाय अडचणीमुळे पुनर्रचना झाली की नियमित खातंही साधारणपणे लगेच एनपीएत वर्ग होतं. मुद्दलाची सवलत संपल्यावर वर्षभर नीट भरल्यावरच ते पुन्हा नियमित होतं. सिबिलवरही नोंद दिसते. मग 3 ऑक्टोबरची घाई कशाला, असं वाटेल. कारण तुमचा हक्क त्याआधी मांडलेला असला पाहिजे. खातं आधीच एनपीए झालं, तर तारण जप्तीच्या 60 दिवसांच्या नोटिशीला उत्तर देता देता हे सगळं मागत बसावं लागेल.

म्हणून दोन महिन्यांचे मिळून 34,000 हाताशी असतील, तर थोडी भर घालून जुलैचा हप्ता दंड आकारासह पूर्ण भरा आणि "ही रक्कम जुलैच्या हप्त्यापोटी" असं लिहून द्या. मग सर्वांत जुनी थकबाकी ऑगस्टची उरते आणि 90 दिवस 3 नोव्हेंबरला भरतात. अर्धवट भरून तारीख हलत नाही. खात्यातून आपोआप कपात होत असेल तर शिल्लक न ठेवता ती वारंवार परत जाऊ देऊ नका. पैशाअभावी ती परत गेली तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली फौजदारी तक्रार होऊ शकते.

मेव्हण्यांना मात्र आजच सांगा. जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जदाराला मुदत वाढवून दिली तर करार कायद्याच्या कलम 135 प्रमाणे जामीनदार सुटू शकतो. म्हणून बँक नव्या करारावर त्यांची सही मागणारच, आणि त्यांना ते बँकेच्या फोनवरून कळलं तर सही मिळणं अवघड होईल.

पत्र शाखेत देऊन शिक्का-तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तेच पत्र शाखेला आणि विभागीय कार्यालयाला पोचपावतीच्या स्पीड पोस्टानं पाठवा.